व आइलतुहु

गुंजनला ओमेश पहिल्यांदा दिसला तो पोतं उलटं धरून वाचताना.

भादव्यातली सर आली होती. तांदळाच्या गिरणीच्या आवारात जो तो आडोसा शोधत पळत होता आणि गोदामाच्या पत्र्याखाली एक उंच, सावळा, अनोळखी तरुण नव्या छपाईचं रिकामं पोतं दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरून उभा होता. पोत्यावर अरबी अक्षरं होती, आणि त्यांचे पाय आभाळाकडे होते.

"उलटं धरलं हाये तुमी," गुंजन ओढणी पिळत म्हणाली.

त्याने पोतं फिरवलं, पुन्हा पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मले दोन्हीकडून सारखंच दिसते. मी बोलतो अरबी. वाचता नाही येत."

"अन् मले वाचता येते, बोलता नाही येत."

"मंग दोघं मिळून एक मानूस झाला की."

म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एवढीशी खळी पडत होती. ती गुंजनला तेव्हाच दिसली आणि दिसली म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

ओमेश चिचगडचा. गिरणीच्या मस्कतच्या छोट्या ऑफिसात काही वर्षं माल उतरवून घेण्याचं काम करून तो परत आला होता आणि आता गोंदियात गाड्या भरण्यावर देखरेख करत होता. अरबी तो बंदरावर शिकला, हमालांशी आणि दुकानदारांशी बोलून बोलून. गुंजन पोत्यांची छपाई बघायची. आखातात जाणाऱ्या पोत्यावर मालाचं नाव, वजन, तारखा सगळं अरबीत लागतं, आणि छापखान्यातला पोरगा अक्षरं तोडून, उलट्या दिशेने छापून ठेवायचा. एकदा सगळी पोती रद्द झाल्यावर ती चिडली आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून लिपी शिकली. तिचे वडील गावी, चोरखमाऱ्याच्या तलावातून निघालेल्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला धान पिकवायचे. शेवटच्या टोकाला पाणी हट्टाशिवाय पोचत नाही. हट्ट त्या घरात सगळ्यांकडेच होता.

तर अशी ही जोडी जमली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेली शिकाऊ विमानं गिरणीवरून घिरट्या घालायची, उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा वाफाळलेला वास आवारात भरून राहायचा, आणि चहाच्या वेळी ओमेश तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकायचा. त्याला काही बोलायचं असावं असं तिला वाटायचं. तो बोलायचा मात्र तिसरंच... गाडीचं, पावत्यांचं, मस्कतच्या उन्हाचं.

आणि मरियमचं!

मरियम मस्कतच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळायची. ओमेशची जुनी सहकारी. रोज दुपारी तिचा फोन यायचा. पहिली दोन वाक्यं कंटेनरची असायची, हे गुंजनला शब्दांवरून कळायचं. मग ओमेश उठून कोंड्याच्या ढिगाकडे चालायला लागायचा, आवाज खाली यायचा, आणि मग तो हसायचा. खळीसकट. एकदा तर फोनवर बोलता बोलता त्याने मागे वळून गुंजनकडे पाहिलं आणि पटकन नजर फिरवली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

"कशी दिसते रे ती?" तिने एकदा सहज विचारलं. सहज म्हणजे तीन दिवस तयारी करून.

"कोन, मरियम? चांगली हाये."

"चांगली म्हंजे?"

"म्हंजे... चांगली. लय हुशार. तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही." जरा थांबून तो म्हणाला, "तुले काऊन पायजे?"

"मले कायले पायजे? असंच."

त्या दिवशी गुंजनने छपाईच्या नमुन्यात इतक्या चुका काढल्या की छापखान्याच्या पोराने फोन उचलणंच बंद केलं. तिला मत्सर वाटत होता, आणि तो मत्सर आहे हे तिला ठाऊक होतं. ज्या बाईला कधी पाहिलं नाही, जिची भाषा कानाला कळत नाही, तिचा हेवा करायचा म्हणजे अंधारात दगड मारणं. पण ती मारत होती.

थंडी पडली. नव्या धानाच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत उभ्या राहिल्या. अशाच एका सकाळी ओमेश टेबलापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मरियमची आई गेली," तो म्हणाला. "काल. सालिमचा निरोप आला, तिच्या भावाचा."

गुंजन उभी राहिली.

"फोन करत नाही मी. घरात बाया बसल्या असतीन, तीन दिवस अज़ा राहते, दुखवटा. परक्या मानसाचा फोन बरा नाही दिसत. लिहून पाठवतो. पन मले लिहिता..." त्याने खिशातून फोन काढून तिच्यासमोर ठेवला. "मी सांगतो, तू लिही."

एवढ्यात मालक भैय्यालालशेठ केबिनमधून बाहेर आले. बातमी त्यांनाही कळली होती. "बहुत बुरा हुआ," ते म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाईट वाटलं होतं. मग त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. "ओमेश, लिखही रहे हो तो लगे हाथ कंटेनर के कागज का भी पूछ लेना."

"नाही शेठ."

"एक लाइन में क्या जाता है?"

"शेठ, तिकडे दुखवट्याच्या निरोपात कामाचा शब्द आला तर सगळा निरोपच कामाचा होते. दुःख बहाणा दिसते. कागदाचं सालिमले नाहीतर मॅनेजरले वेगळं विचारतो. मरियमले तीन दिवस काहीच नाही."

शेठ मान हलवत गेले. पलीकडून हिशेब बघणारी रेणू म्हणाली, "मी देऊ का एक फोटो? जळता दिवा हाये, फुलं हायेत, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. नाव तेवढं बदलायचं."

"दिवा नको, फुलं नको, हात जोडलेले नको," ओमेश म्हणाला. "नुसते शब्द. त्यांच्यात शब्द ठरलेले हायेत. कोनी नवीन काही बोलत नाही, अन् नवीन बोलायची गरजही नाही. तेच शब्द सगळे बोलतात म्हनून घरच्याले आधार वाटते."

गुंजनने त्याच्या फोनमध्ये अरबी कळफलक घेतला आणि मरियमचं नाव उघडलं. वर सरकवलं. एकही लिहिलेला शब्द नव्हता. नुसत्या आवाजाच्या फिती, एकाखाली एक; त्याच्या, तिच्या, त्याच्या, तिच्या... बोट दुखेपर्यंत. मधूनमधून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. बरोबरच आहे, वाचता येत नाही ना साहेबांना.

"सांग," ती कोरडं म्हणाली.

"पयलं संबोधन. अल-उख़्त अल-फ़ाज़िला मरियम."

"म्हंजे?"

"आदरणीय भगिनी मरियम."

"भगिनी?" गुंजनची मान वर आली.

"हो मंग. बाईले निरोप पाठवायचा तर असंच लिहितात. काऊन?"

"काही नाही." भगिनी हा शब्द तिने इतक्या आनंदाने टाइप केला की तिला स्वतःचीच लाज वाटली. घरात माणूस गेलंय त्यांच्या...

मग तो डोळे मिटून एकेक वाक्य बोलत गेला आणि ती लिहीत गेली. अडेल तिथे ती इंटरनेटवर तो ठरलेला मजकूर शोधायची, अक्षरं ताडून बघायची आणि हळूहळू वाचून दाखवायची. तो मान हलवायचा. अज़्ज़मल्लाहु अज्रकुम, अल्लाह तुमचं पुण्य वाढवो. व अहसन अज़ाअकुम, तुमचं सांत्वन चांगलं करो. व ग़फ़र लि-मय्यितिकुम, आणि तुमच्या मृतात्म्याला क्षमा करो.

"दुःख झालं त्याले पुण्य वाढो म्हनतात?" गुंजनने विचारलं.

"सबर केला त्याचं फळ मिळो, असं. ती एकटीच हाये, पन लिहायचं अनेकवचनी. तुमचं, तुमाले. एक म्हंजे मान, अन् दुसरं म्हंजे दुःख साऱ्या घराचं हाये." पुढे तो म्हणाला, "अन् आई म्हनून नुसतं लिहून थांबायचं नाही. गेलेल्या मानसाचं नाव घेतलं की लगेच दुआ. रहिमहल्लाह. तिच्यावर दया होवो. ते सुटलं तर नाव उघडं पडल्यासारखं वाटते."

"अन् ते 'इन्ना लिल्लाह' असते ना? इथं साऱ्या नमुन्यांत हाये."

"ते त्यांच्या कुराणातलं हाये. म्हटलं तर कोनी रागवत नाही. पन ते त्यांनी म्हनावं, आपन दुआ करावी. मले असं बरं वाटते."

मधेच तो थांबला. बाहेर विमान घरघरत गेलं.

"काय झालं?"

"एक ओळ माझी टाकायची हाये. कानत ली बि-मसाबतिल उम्म. मले ती आईच्या जागी होती." त्याने नाक ओढलं. "मले मस्कतमध्ये ताप आल्ता. खोलीत एकटा होतो. मरियमने घरी सांगतलं असन. ख़ाला रोज पेज पाठवे, सालिमच्या हाताने. मी मांस खात नाही म्हनून भांडंसुद्धा वेगळं ठेवलं होतं तिने. दिवाळीले घरी बोलावून गोड खाऊ घातलं. मी ख़ाला म्हनत होतो तिले, मावशी."

गुंजनने ती ओळ लिहिली. लिहून झाल्यावर ओढणीने डोळे पुसले. आणि तरी... मन मोठं चमत्कारिक असतं. एक मन ख़ालासाठी रडत होतं आणि दुसरं म्हणत होतं, बघ, हा त्यांच्या घरात जेवला, आईने याला जीव लावला, आता लेकीचं काय? आईला पसंत पडलेला माणूस.

"खाली नाव," ती म्हणाली. "ओमेश. बस?"

"नुसतं ओमेश नको. एकट्या गड्याने बाईले असं पाठवलं तर बरं नाही दिसत. घर मिळून सांत्वन करते. ओमेश अन् कुटुंब, असं लिहितात. ओमेश व आइलतुहु."

ओमेश आणि कुटुंब.

गुंजनचा अंगठा कळफलकावर थांबला. कुटुंबाचा शब्द तिला माहीत होता. आणखीही एक माहीत होता. मागे एकदा दुपारच्या फोननंतर, रागाच्या भरात, तिने तो शोधून ठेवला होता. ती असं काही करणारी मुलगी नव्हती. पण हातात फोन होता, फोनच्या मालकाला वाचता येत नव्हतं, आणि कुटुंबासाठी जागा रिकामी होती.

पडद्यावर मजकूर असा उमटला:

الأخت الفاضلة مريم
عظّم الله أجركم وأحسن عزاءكم وغفر لميتكم.
تلقّينا ببالغ الحزن نبأ وفاة والدتكم، رحمها الله. كانت لي في مسقط بمثابة الأم.
نسأل الله أن يتغمّدها بواسع رحمته ويسكنها فسيح جناته، وأن يلهمكم الصبر والسلوان.
أوميش وزوجته

"वाच एकदा पुरं," ओमेश म्हणाला.

तिने वाचलं. तुमच्या आईच्या निधनाची बातमी अत्यंत दुःखाने कळली, तिच्यावर दया होवो. ईश्वर तिला आपल्या विशाल करुणेने झाकून घेवो, आपल्या प्रशस्त स्वर्गात वास देवो आणि तुम्हाला धीर व विसावा देवो. सगळं वाचलं, शेवटची ओळ सोडून. शेवटी नुसतं "ओमेश..." म्हणून आवाज पुटपुटत खाली नेला.

ओमेशने फोन घेतला, न कळणाऱ्या अक्षरांकडे भक्तिभावाने पाहिलं आणि पाठवून दिला.

'ओमेश आणि त्याची पत्नी.'

गुंजनला त्या रात्री जेवण गेलं नाही. आधी विजयासारखं काहीतरी वाटलं. ते भाकरीच्या पहिल्या तुकड्यापर्यंतच टिकलं. मग समोर आलं ते एक घर, न पाहिलेलं, बायांनी भरलेलं, आणि मध्ये बसलेली आई गेलेली मुलगी. त्या मुलीच्या हातात गुंजनने खोटं ठेवलं होतं. सुतकाच्या घरात जाऊन कुणी लबाडी करतं का? तिने केली होती. उद्या जाऊन सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. त्याने कायमचं बोलणं सोडलं तरी.

पण सकाळी ती तोंड उघडण्याआधीच ओमेश आला. "उत्तर आलं तिचं. फीत हाये. ऐकशील?" आणि त्याने फोन टेबलावर ठेवून बटण दाबलंसुद्धा.

आवाज बसलेला होता, रडून रडून खरखरीत झालेला, पण गोड. "अज्रना व अज्रकुम," ती म्हणाली. "जज़ाकुमुल्लाहु ख़ैरन." ओमेशने मान खाली घालून ऐकलं. पुढे ती बरंच बोलली. गुंजनला काही कळत नव्हतं, पण मधेच एक शब्द आला आणि ती गारठली. ज़ौजतक. तुझी पत्नी. ओमेशची मान हळूहळू वर आली.

मग फितीतली बाई थोडंसं हसली. रडता रडता हसतात तसं. आणि म्हणाली, स्पष्ट, 'ग'वर किंचित अडखळून, "गुंजन".

गुंजनने टेबलाची कड धरली.

फीत संपली. ओमेशचे कान लाल झाले होते. रेणू मान वर करून पाहू लागली तसा तो म्हणाला, "बाहेर चल जरा," आणि दोघं गोदामाच्या पत्र्याखाली गेले. समोर ओलं धान सुकायला पसरलं होतं आणि बाया पायाने ते उलटवत होत्या.

"माझं नाव काऊन घेतलं तिने?" गुंजनचा आवाज फाटला. "सांग. काय म्हनाली?"

"आधी तू सांग. खाली काय लिहिलं तू?"

ती सुकणाऱ्या धानाकडे पाहू लागली.

"गुंजन."

"तुझी पत्नी लिहिलं," ती म्हणाली. "ओमेश अन् त्याची पत्नी. मी जळून राहिली होती. रोज दुपारी तू त्या ढिगाकडे जात होता, हसत होता, माझ्याकडं पाहून मान फिरवत होता. मले वाटलं, एकदाचं तिले कळून जाऊ दे की हा रिकामा नाही. तिची आई मेली अन् मी हे केलं. मले लय लाज वाटून राहिली. आता तू काय बोलायचं ते बोल."

ओमेशने पायाने चार दाणे सरकवले.

"रोज दुपारी आम्ही काय बोलत होतो माहीत हाये?"

"मले कुठून माहीत?"

"ती विचारे, सांगतलं का तिले? मी म्हनो, नाही. ती म्हने, भित्रा. मी म्हनो, उद्या. ती हसे, मी पन हसो. रोजचंच." त्याने मान वर केली. "तिच्या आईलेही माहीत होतं. पोत्यावर लिहिणारी पोरगी, असं म्हने ख़ाला. मले उलटं पोतं धरताना पकडलं, ते सांगतलं होतं मी. लय हसली होती."

गुंजनच्या कानांत विमानासारखं काहीतरी घरघरायला लागलं. वर विमान नव्हतं.

"अन् आता काय म्हनाली?"

"म्हनाली, आजारातही ख़ाला विचारत होती, त्या पोरीले सांगतलं का ओमेशने? मरियम सांगे, अजून नाही. काल निरोप आला तेव्हा घर बायांनी भरलं होतं. तिने मोठ्याने वाचून दाखवला साऱ्यांले. 'आणि पत्नी' वाचलं अन्... म्हनाली, आई गेल्यापासून पयल्यांदा हसू आलं मले. म्हनाली, गुंजनच ना ती? तिले माझा सलाम. माझ्या आईची एक दुआ तरी पोचली."

गुंजनने ओढणी तोंडाला लावली. ज्या बाईचा तिने इतके दिवस दुस्वास केला, ती बाई इतके दिवस तिचीच बाजू लढवत होती. अंधारात मारलेला दगड आपल्याच कपाळावर येऊन बसला होता. रडू येत होतं आणि आत कुठेतरी, लाजिरवाणं, मावेनासं सुखही होत होतं.

"मंग कळव तिले," ती कशीबशी म्हणाली. "खोटं होतं म्हनून. चूक माझी हाये म्हन."

"कळवू?" ओमेशने फोन काढला. अंगठा बोलण्याच्या बटणावर ठेवला, दाबला मात्र नाही. "दुखवट्याच्या घरात गेलेला शब्द हाये, गुंजन. त्यांच्यात तो परत घेत नाहीत. अन् खोटाही राहू देता येत नाही." त्याचा आवाज अगदी खाली आला, दुपारच्या फोनवर यायचा तितका. "मरियमसमोर मले तसंही खोटं बोलता येत नाही. मी... मी सांगू का तुले, जे रोज उद्यावर ढकलत होतो ते?"

"अरबीत नको सांगू. मले कळत नाही."

"तू पायजे मले," तो म्हणाला. "लय दिवसांपासून."

धान उलटवणाऱ्या बायांपैकी एक थांबून यांच्याकडे बघत होती. गुंजनला त्याचं काही वाटलं नाही. तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला, त्याच्याच सदऱ्याच्या खिशात घातला आणि खिशावर तळवा क्षणभर तसाच ठेवला. आतलं धडधडणं फोनचं नव्हतं.

"तिले काही कळवू नको," ती म्हणाली. "माझ्या बाबाले विचार. ते हो म्हनले तर कळवायचं कामच नाही पडत."

ओमेशने एकदा खाली मान घातली, एकदा वर केली. मग घसा साफ करून त्याने विचारलं, चोरखमाऱ्याकडे जाणारी बस कधी सुटते?